काविळीमुळे हुकलेली अंतर्गत परीक्षा पुन्हा देण्याच्या परवानगीसाठी अर्ज

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय,
सातारा.

विषय : आजारपणामुळे देता न आलेली अंतर्गत परीक्षा पुन्हा देण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

मी आपल्या महाविद्यालयात द्वितीय वर्ष विज्ञान (रसायनशास्त्र) या वर्गात शिकत असून माझा हजेरी क्रमांक ४७ आहे. दि. १२ ते १४ ऑगस्ट या काळात झालेल्या अंतर्गत परीक्षेस मी काविळीमुळे उपस्थित राहू शकले नाही.

मी मुलींच्या वसतिगृहात राहते. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मला ताप आला, अन्नावरची वासना गेली आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली. दि. ९ रोजी पाटणला घरी गेल्यावर आईला माझे डोळे पिवळे दिसले आणि तिने त्याच दिवशी रक्त तपासून घेतले. बिलिरुबिन ७.४ आले, एरवी ते साधारण १.२ च्या आत असते. पुढील तपासणीत ही कावीळ हिपॅटायटिस ए विषाणूची असल्याचे निष्पन्न झाले. या आजारावर नेमके असे औषध नसून विश्रांती, हलका आहार आणि भरपूर पाणी हाच मुख्य उपचार असल्याचे सांगून डॉक्टरांनी आठवडाभर पूर्ण विश्रांती घेण्यास बजावले. हा आजार दूषित पाणी व अन्नातून पसरत असल्यामुळे मी वसतिगृहात परतणे इतर मुलींच्या दृष्टीनेही योग्य नव्हते, म्हणून अभ्यास झालेला असूनही मला घरीच थांबावे लागले. वर्गशिक्षिकांना वडिलांनी दि. ११ रोजीच दूरध्वनीवरून तसे कळवले होते.

दि. १६ रोजीच्या तपासणीत बिलिरुबिन २.१ पर्यंत उतरले असून डॉक्टरांनी वर्गात बसण्यास व लेखी परीक्षा देण्यास परवानगी दिली आहे. दगदग मात्र अजून काही दिवस टाळावयाची आहे.

अंतर्गत परीक्षेचे गुण सत्राच्या निकालात धरले जातात, त्यामुळे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांत अनुपस्थितीची नोंद राहिल्यास माझे मोठे शैक्षणिक नुकसान होईल. तरी या तीन विषयांची परीक्षा मला पुन्हा देऊ द्यावी, ही नम्र विनंती. क्रीडा स्पर्धांना गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी परीक्षा घेतली जाणार असल्यास त्यांच्यासोबतच मला बसवले तरी चालेल, म्हणजे प्राध्यापकांना माझ्यासाठी स्वतंत्र प्रश्नपत्रिका काढावी लागणार नाही. दि. २५ ऑगस्टनंतरची कोणतीही तारीख मला सोयीची आहे; शक्य झाल्यास एका दिवशी एकच विषय ठेवावा, एवढीच जास्तीची विनंती आहे.

सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, दोन्ही रक्ततपासण्यांचे अहवाल आणि वडिलांचे संमतिपत्र जोडले आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
अनुजा मोहन साळुंखे
द्वितीय वर्ष विज्ञान, हजेरी क्रमांक ४७