सातव्या स्लाइडचे तीन आराखडे: शेवटच्या रांगेतून पाहिल्यावर

डॉक्टर,

'जंतू औषधांना कसे सरावतात' या सातव्या स्लाइडचे तिन्ही आराखडे पाहिले. सभागृह सहाशे जणांचं, पडद्याची उंची 3 मीटर आणि शेवटची रांग 25 मीटरवर. म्हणजे मागे बसलेला माणूस पडद्याच्या उंचीच्या आठपट अंतरावरून बघणार. माझ्या लॅपटॉपच्या पडद्याची उंची 19 सेंटिमीटर आहे, म्हणून स्लाइड पूर्ण पडद्यावर लावून मी 1.6 मीटर मागे सरकलो. पुढचं सगळं तिथून दिसलेलं आहे, टेबलाशी बसून नाही.

आराखडा 'अ' तुमचा स्वतःचा. पांढरी पार्श्वभूमी, शीर्षक, खाली सहा मुद्दे, एकूण 92 शब्द, अक्षर 18 पॉइंटचं. आपल्या स्लाइडची उंची 540 पॉइंट, म्हणजे हे अक्षर स्लाइडच्या उंचीचा तिसावा भाग. आकडा ऐकायला ठीक वाटतो, पण देवनागरीत त्या मापातला बराच भाग वरच्या-खालच्या मात्रांना जातो आणि मूळ अक्षराला जेमतेम निम्मी जागा उरते. त्यात ओळी इतक्या जवळ आहेत की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. मागून शिरोरेषांचे पट्टे दिसले, शब्द नाहीत.

खरी अडचण मात्र अक्षराच्या मापापलीकडची आहे. 92 शब्द वाचायला लोकांना अर्धं मिनिट तरी लागेल आणि तेवढा वेळ तुमचं बोलणं कुणाच्या कानात शिरणार नाही. हे मुद्दे तुम्हाला आठवणीसाठी हवेत, हे मी समजू शकतो. ते स्लाइडखालच्या टिपणांत टाकू. प्रेझेंटर व्ह्यूमध्ये फक्त तुम्हाला दिसतील. मजकूर उत्तम आहे, छापून वाटण्याजोगा.

'ब' मध्ये पेट्री डिशचा फोटो स्लाइडभर आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 14 शब्द. पहिल्या नजरेत सगळ्यात देखणा हाच. पण शब्द नेमके डिशच्या फिकट पिवळ्या भागावर पडलेत. वेबसाठीच्या निकषांत मोठ्या अक्षरालाही किमान 3:1 कॉन्ट्रास्ट लागतो, इथे तो 2:1 च्या आसपास भरला. शिवाय फोटोतलं वजन सगळं उजव्या कोपऱ्यात आहे. नजर तिथे जाते आणि वाक्याकडे परतत नाही. फोटो स्लाइड 6 वर शब्दांविना ठेवावा. 1928 साली फ्लेमिंगना पेनिसिलिन कसं सापडलं, हे तुम्ही तिथेच सांगता.

माझं मत 'क' ला आहे, पण जसाच्या तसा नाही. डावीकडे एकच वाक्य, 40 पॉइंटमध्ये: 'औषधातून वाचलेले जंतूच पुढे वाढतात.' उजवीकडे तीन वर्तुळं: औषधाआधी, औषधानंतर, काही काळाने. पहिल्यात ठिपक्यांची गर्दी, दुसऱ्यात उरलेले दोन, तिसऱ्यात त्या दोघांचीच भरगच्च पिलावळ. माझ्या मुलीने काही न विचारता अर्थ सांगितला, तेव्हा मी निर्धास्त झालो.

दुरुस्त्या अशा. साधे जंतू हिरवे आणि सरावलेले लाल ठेवलेत. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं सहाशेंत नक्की असतील. साधे पोकळ ठिपके, सरावलेले भरीव चौकोन करावेत, मग रंग कोणताही चालेल. वर्तुळांखालची नावं स्लाइडच्या तळाला आहेत, पुढच्यांच्या डोक्यांआड जातील. ती वर्तुळांच्या वर न्यावीत. वाक्याचा ठोकळा किंचित खाली सरकवून वर्तुळांच्या मध्यरेषेवर आणला की डावी-उजवी बाजू तोलली जाते. आत्ता वाक्य छताला टांगल्यासारखं दिसतं.

गडद निळ्या पार्श्वभूमीवरून आमच्यात वाद झाला. डिझाइन करणारीला ती हवी आहे आणि अंधाऱ्या सभागृहात मीही हो म्हटलं असतं. पण लोक टिपणं घेणार म्हणून अर्धे दिवे चालू राहणार आहेत. पडद्यावर उजेड पडला की प्रोजेक्टरचा काळा राखाडी होतो, निळा मळकट. तेव्हा पार्श्वभूमी 'अ' ची पांढरी, मांडणी 'क' ची.

वर्तुळं एकेक करून उमटवायची असतील तर अॅनिमेशनऐवजी तीन स्वतंत्र स्लाइड करू. तिथल्या संगणकावर आपला फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटू शकतात, म्हणून पीडीएफ सोबत नेणार आहे आणि पीडीएफमध्ये अॅनिमेशन चालत नाही.

एकच गोष्ट तुमच्यावर सोडतो. अपुऱ्या मात्रेने जंतू सरावतात, हा इशारा फ्लेमिंगनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. 'अ' मधला तो सहावा मुद्दा मला स्लाइडवर नको, तुमच्या तोंडून हवा, तिसरं वर्तुळ पडद्यावर असताना. तसं जमणार असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे उद्या सभागृहातच मागच्या रांगेत बसून एकदा बघता येईल.