विषय : नानांच्या फाइलबद्दल

प्रिय संदीप,

नानांच्या आजाराचे कागद मागणारा तुमचा रविवारचा मेल वाचला. काल तुम्ही रेकॉर्ड रूमला फोन केलात, तेही कळलं. तिथल्या मुलाने "मॅडमशी बोला" एवढंच सांगून फोन ठेवला, त्याबद्दल त्याच्यावर राग धरू नका. तसंच सांगायचं, अशी माझीच सूचना आहे.

नानांचं डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, सीडी, केसपेपर यांतलं काहीही त्यांच्या लेखी संमतीशिवाय मी तुम्हाला देणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या पानाचा फोटोसुद्धा नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. बेंगळुरूत बसून वडिलांच्या तब्येतीची काळजी करायची आणि हातात एक कागद नाही, ही घालमेल मी समजू शकते. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फाइल नानांची आहे, आणि हेतू कितीही चांगला असला तरी ती उघडायची की नाही हे तेच ठरवणार.

"त्या रात्री तर फोनवर सगळं सांगितलंत, मग आता काय बदललं?" असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. त्या रात्री नाना बोलण्याच्या स्थितीत नव्हते, निर्णय ताबडतोब घ्यायचा होता आणि मुलगा म्हणून तुम्हाला विचारणं भागच होतं. पुन्हा कधी तशी वेळ आली तर पुन्हा तुम्हालाच फोन करेन, मध्यरात्र असली तरी. पण बँकेचे व्यवहार नाना आजही स्वतः बघतात, हे तुम्हीच मेलमध्ये लिहिलंय. ज्यांच्या सहीवर बँक पैसे देते, त्यांच्या आजाराचे कागद त्यांना न विचारता मी परस्पर कसे देऊ?

बिलाचा मुद्दाही तुम्ही काढलात. पैसे तुम्ही भरलेत, म्हणून भरलेल्या रकमेची पावती तुमच्या नावाने आहे. ती हवी तेव्हा काउंटरवरून मिळेल, मेलनेही पाठवू. तपशीलवार बिल मात्र नाही. त्यात प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक औषध लिहिलेलं असतं. जाणकाराने ते वाचलं की फाइल वाचल्यासारखंच झालं.

हा आमच्या हॉस्पिटलचा हेकेखोरपणा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागितले तर ७२ तासांत कागद द्यायला आम्ही बांधील आहोत. रुग्णाची गुपितं उघड करायला त्याच संहितेत मनाई आहे. अपवाद आहेत, जसे न्यायालयाचा आदेश किंवा कुणाच्या जिवाला असलेला गंभीर धोका, पण आपलं प्रकरण त्यांत बसत नाही. मुलगा हा आपोआप अधिकार दिलेला माणूस ठरत नाही. माझ्या आईच्या बाबतीत मलाही हेच लागू होतं, आणि मी डॉक्टर असूनही ते मला फारसं आवडत नाही.

नानांनी मला "कुणाला काही सांगू नका" असं म्हटलंय का, असंही तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर हो असो की नाही, ते मी देणार नाही. आम्हा दोघांत काय बोलणं होतं ते त्यांनीच तुम्हाला सांगावं.

आणि तुमची शेवटची ओळ, "नानांना यातलं काही कळू देऊ नका." हे मला जमणार नाही. मी मुद्दाम चुगली करायला जाणार नाही, पण पुढच्या भेटीत तुम्ही कागद मागितल्याचं त्यांना सांगेन. त्याआधी तुम्हीच त्यांच्याशी बोललात तर फार बरं. "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून मागतोय" असं त्यांना वाटायला नको. "माझा मित्र हृदयरोगतज्ज्ञ आहे, त्याचं मत घेऊ या का?" असं सरळ विचारा.

ते तयार झाले तर काम अवघड नाही. साध्या कागदावर त्यांनी लिहावं की अमुक कागद माझा मुलगा संदीप याला द्यावेत, खाली सही आणि तारीख, सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. सगळी फाइल द्यायची नसेल तर फक्त डिस्चार्ज कार्ड द्या, असंही ते लिहू शकतात. आम्ही तेवढंच देऊ. मग तुमच्या मित्राशी मी स्वतः बोलेन. मला दुसऱ्या मताचं वावडं नाही.

कागद नको पण बोलायचं आहे, असं नानांनी ठरवलं तर त्यांना शनिवारी संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे घेऊन या. तुम्हाला येता आलं नाही तर ते माझ्यासमोर बसलेले असताना व्हिडिओ कॉलवर तिघे बोलू. उलट, तुम्हाला मला काही सांगायचं असेल तर कुणाची परवानगी लागत नाही. ते रात्री झोपत नाहीत, गोळ्या चुकवतात, जिना चढताना थांबतात, असं काही घरात दिसलं असेल तर जरूर लिहा. मी वाचेन. फक्त त्यावर काय केलं, हे तुम्हाला कळवणार नाही.

ताईंना नमस्कार सांगा.

डॉ. वसुधा
कराड