स्मरणिका समितीची बैठक: मत कसं द्यायचं आणि पक्की वेळ कधी कळेल

मंडळी, नमस्कार 🙏

स्मरणिकेच्या बैठकीसाठी पोल टाकतोय, तो या मेसेजच्या लगेच खाली येईल. मेसेज लांबलाय, पण एकदा वाचून घ्या, म्हणजे तीन दिवस "नक्की कधी ठरलं?" हा प्रश्न ग्रुपवर फिरणार नाही. ज्यांना अगदीच घाई आहे त्यांच्यासाठी दोन ओळी:

*जमतील तेवढ्या सगळ्या वेळांवर टिक करा. मुदत बुधवार, १४ ऑक्टोबर, रात्री ९ (भारतीय वेळ).*
*पक्की वेळ गुरुवार, १५ ऑक्टोबरला रात्री ८ वाजता इथेच जाहीर होईल.*

आता सविस्तर.

बैठक ऑनलाइन आहे, साधारण सव्वा तासाची. पोलमध्ये चार वेळा आणि पाचवा एक पर्याय आहे:

१) शुक्रवार २३ ऑक्टोबर, रात्री ९ (लंडन दुपारी ४:३०, न्यूयॉर्क सकाळी ११:३०)
२) शनिवार २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७ (लंडन दुपारी २:३०, न्यूयॉर्क सकाळी ९:३०)
३) रविवार २५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७ (लंडन दुपारी १:३०, न्यूयॉर्क सकाळी ९:३०)
४) रविवार २५ ऑक्टोबर, रात्री ९ (लंडन दुपारी ३:३०, न्यूयॉर्क सकाळी ११:३०)
५) यातली एकही वेळ जमत नाही

लंडनकरांनी इथे जरा थांबावं. शनिवारी ७ म्हणजे तुमचे अडीच आणि रविवारी ७ म्हणजे दीड, हे टायपिंग चुकलेलं नाही. २५ तारखेच्या पहाटे तुमच्याकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे शनिवारपर्यंत साडेचार तासांचा असलेला फरक रविवारी साडेपाचचा होतो. न्यूयॉर्कची घड्याळं १ नोव्हेंबरला बदलतात, म्हणून त्यांना दोन्ही दिवशी साडेनऊच. तोंडी हिशोब करू नका, कंसातल्या वेळा बघूनच टिक करा.

मत देताना एका टिकवर थांबू नका. आपल्याला "सगळ्यात आवडती वेळ" शोधायची नाहीये, जास्तीत जास्त लोक एकत्र येतील अशी वेळ शोधायचीय. समजा आपण २३ जणांनी एकेकच टिक केली आणि ती ७, ६, ६, ४ अशी विभागली गेली, तर सातवाली वेळ जिंकलेली दिसेल. पण बाकीच्या सोळा जणांना ती जमते की नाही हे कुणालाच कळणार नाही. म्हणून पोलमध्ये एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायची सोय चालू ठेवली आहे. चारही वेळा जमत असतील तर चारही टिक करा. "मला कधीही चालेल" असं ग्रुपवर लिहिलंत तर वाचून बरं वाटेल, पण मोजणीत ते शून्य.

तसंच, पोलवर 👍 ठेवणं म्हणजे मत देणं नाही. पोल आवडल्याचं कळतं, एवढंच. पर्यायाच्या डावीकडचा गोल दाबायचा. त्यात बरोबरची खूण आली की मत पडलं. पुन्हा दाबलं की मत निघतं. म्हणजे बुधवारी रात्री ९ पर्यंत कितीही वेळा बदलता येईल, फक्त मला "मी बदललं हं" असं कळवत बसू नका. कोणी कुठे टिक केलीय हे पोल उघडला की सगळ्यांना नावानिशी दिसतं, तेव्हा गुप्त मतदानाची अपेक्षा ठेवू नये 🙂

"बघतो आणि सांगतो" यासाठी पर्याय ठेवलेला नाही, मुद्दाम. खात्री नसेल तर त्या वेळेवर टिक करू नका. नक्की झालं की मुदतीच्या आत करा. कारण टिकचा अर्थ एवढाच धरतोय: *गुरुवारी रात्री ८ पर्यंत ती वेळ तुम्ही मोकळी ठेवणार आहात.* तीन वेळांवर टिक केलीत तर तीनही राखून ठेवाव्या लागतील, हे थोडं जाचक आहे खरं, पण फक्त तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे. घोषणा झाली की उरलेल्या वेळा तुमच्या तुम्हाला परत.

पाचवा पर्याय निवडणाऱ्यांनी मात्र बाकी कशावर टिक करू नये. आणि सोबत मला वैयक्तिक मेसेज करून तुम्हाला काय जमेल ते सांगा, आठवड्यातले दिवस किंवा सकाळ-संध्याकाळ एवढं चालेल. पाच किंवा त्याहून जास्त जण पाचव्यावर गेले तर या चार वेळांतून निवड करणार नाही. गुरुवारी ८ वाजता तसं सांगून लगेच नव्या वेळांचा पोल टाकेन.

निवड कशी होणार, तेही आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुरकुर नको. कोषाध्यक्ष काका आणि पानांची मांडणी बघणाऱ्या ताई, हे दोघं नसतील तर बैठकीला अर्थ नाही. ९६ पानं की ११२ हाच मुख्य विषय आहे. छपाई सोळा पानांच्या फॉर्मनं होते, म्हणजे सहा फॉर्म की सात, आणि त्या एका फॉर्मवर खर्चही अडलाय आणि मजकूरही. तेव्हा आधी या दोघांनाही जमणाऱ्या वेळा घेणार, त्यातून जिला सर्वात जास्त मतं ती पक्की. दोन वेळांना सारखी मतं पडली तर आधीची तारीख. किमान १२ जण हवेत. तेवढे कुठल्याच वेळेला नसतील तरी नवा पोल येईल.

सोमवारी सकाळी एखादी पट्टी लांब दिसली म्हणून ती वेळ ठरली असं समजू नका. परदेशातली मंडळी बहुधा उशिराच मत देतात, आणि त्यांच्यामुळे चित्र फिरतं.

ज्यांच्या फोनवर पोल नीट उघडत नाही त्यांनी बुधवारी दुपारी १२ पर्यंत मला फोन करा किंवा आवाजी मेसेज पाठवा. तुमच्या वतीनं मला पोलमध्ये टिक करता येत नाही (माझं मत एकच), पण मी वेगळी नोंद ठेवून मोजणीत धरेन. ती नोंद निकालासोबत ग्रुपवर टाकेन, म्हणजे पोलमधला आकडा आणि माझा आकडा का जुळत नाही असं कुणाला वाटायला नको.

मत दिलं नाहीत तर? तर ठरेल ती वेळ तुम्हाला चालते असं धरणार नाही, तुम्ही येणार नाही असं धरून चालणार. मंगळवारी संध्याकाळी एकदाच आठवण करेन, नावं घेऊन 😊

गुरुवारी ८ वाजताच्या मेसेजमध्ये दिवस, तिन्ही ठिकाणची वेळ, बैठकीची लिंक आणि विषयपत्रिका असेल. त्या मेसेजखाली सगळ्यांनी "ओके" लिहायची गरज नाही. टिक करूनही ज्यांना अचानक येणं अशक्य झालंय, त्यांनीच लिहावं.

पोल सात दिवसांसाठी वर पिन करून ठेवतोय, ग्रुपमध्ये खाली-वर शोधावा लागणार नाही.

– समन्वयक, स्मरणिका समिती