फ्लॅट क्र. ७ ची पाहणी आणि नहाणीच्या गळतीची तपासणी : आगाऊ सूचना

दिनांक : ४ मे २०२६, सोमवार

प्रति,
श्री. अमोल सावंत व सौ. प्राजक्ता सावंत
फ्लॅट क्र. ७, तिसरा मजला, कोथरूड, पुणे ४११०३८

विषय : शनिवार, ९ मे २०२६ रोजी सकाळी १० ते १२ या वेळेत पाहणीसाठी आणि रविवार, १० मे रोजी सकाळी १०.३० ते १२ या वेळेत चाचणी पूर्ण करण्यासाठी फ्लॅटमध्ये येण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या खालच्या फ्लॅट क्र. ४ मध्ये बाथरूमच्या छताला ओल आली आहे. मी काल संध्याकाळी जाऊन पाहिली. साधारण दीड फूट लांबीचा डाग आहे, मधोमध रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि एका कडेला पांढरा लोणा फुटला आहे. हा डाग बरोबर तुमच्या कॉमन बाथरूमच्या नहाणी ट्रॅपखाली येतो. एप्रिलमध्ये तुम्ही याच नहाणीतून पाणी सावकाश जातं असं कळवलं होतं. तेव्हाच मी प्लंबर पाठवायला हवा होता. आता दोन्ही गोष्टी एकत्र तपासायच्या आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ प्रमाणे घरमालकाला जागेची पाहणी करता येते, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळीच. आपल्या नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करारातल्या ११ व्या कलमात किमान ४८ तासांची सूचना ठरली आहे. तुम्हाला घरातली कामं आणि सुट्टी जुळवता यावी म्हणून मी पाच दिवस आधी कळवत आहे. घर दुरुस्त ठेवणं ही त्याच अधिनियमाच्या कलम १४ नुसार माझी जबाबदारी आहे. त्यामुळे या तपासणीचा आणि पुढच्या दुरुस्तीचा सगळा खर्च मी करेन. डिपॉझिटमधून एक रुपयाही वळता होणार नाही.

वेळ ठरवताना अमोलची रात्रपाळी शुक्रवारी नसते आणि ईरा दुपारी एकनंतर झोपते, हे ध्यानात ठेवलं. गुरुवार मुद्दाम टाळला, कारण त्या दिवशी महापालिकेचं पाणी बंद राहण्याची शक्यता असते आणि ही चाचणी पाण्याशिवाय होत नाही. दुपारी दोन ते चार सोसायटीत ठोकाठोक चालत नाही, म्हणून सकाळच घेतली.

तपासणी कशासाठी आणि कशी

बाथरूममधून खाली ओल जाते ती बहुतेक वेळा तीनपैकी एका जागेतून : भिंतीतला नळाचा पाईप, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग, किंवा नहाणी ट्रॅप आणि उभ्या पाईपमधला सांधा. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. नुसता डाग पाहून फरशी फोडली तर पैसे जातात, आठवडाभर धूळ होते आणि गळती तशीच राहते. म्हणून आधी चाचणी करू.

फ्लॅट क्र. ४ मधल्या काकूंच्या म्हणण्याप्रमाणे सकाळी साडेनऊनंतर डाग गडद होतो, आणि एप्रिलमध्ये तुम्ही चार दिवस गावी गेलात तेव्हा तो सुकला होता. पुरवठ्याचा पाईप गळत असता तर त्यात चोवीस तास पाण्याचा दाब असल्यामुळे डाग तुमच्या गैरहजेरीतही ओला राहिला असता. त्यामुळे संशय फरशीवर किंवा ट्रॅपवर जातो. मात्र गावी जाताना तुम्ही घराचा मेन व्हॉल्व्ह बंद केला होता का, हे मला आठवून कळवा. बंद केला असेल तर हा अंदाज टिकत नाही, आणि पाईपचीही दाबाची चाचणी घ्यावी लागेल.

शनिवारी सकाळी प्लंबर गणेश आधी ट्रॅपची जाळी काढून गाळ आणि केस साफ करेल. मग नहाणीत फुगवता येणारं रबरी बूच बसवून बाथरूमच्या फरशीवर सुमारे एक इंच पाणी साठवेल. बाथरूम चार बाय सहा फुटांचं आहे, म्हणजे साधारण ५५ ते ६० लिटर पाणी लागेल. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवू. त्यात लाल रंग मिसळू, म्हणजे खाली थेंब आला तर तो कुठला ते ओळखता येईल. मे महिन्यात एका दिवसात दोन-तीन मिलिमीटर पाणी वाफ होऊनच कमी होऊ शकतं. त्याहून जास्त उतरलं, किंवा खाली लाल ओल दिसली, तर दोष वॉटरप्रूफिंगमध्ये आहे असं धरू.

बूच नीट बसलं नाही तर पाणी ट्रॅपमधूनच उतरतं आणि दोष उगाच फरशीच्या माथी जातो. म्हणून पहिला अर्धा तास गणेश आणि मी तिथेच थांबून पातळी पाहू.

रविवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे २४ तासांनी, पाणी आणि खालचं छत दोन्ही पाहू. छत कोरडं असेल तर बूच काढून ते पाणी एकदम सोडू. त्यानंतर तासाभरात खाली ओल आली तर सांधा फुटलेला आहे. छत आधीच ओलं झालेलं असेल तर ट्रॅपची चाचणी त्याच दिवशी करून उपयोग नाही, कारण जुनी ओल आणि नवी ओल वेगळी कळत नाही. मग ती फरशी सुकल्यावर आणि पुन्हा तुम्हाला विचारूनच करू.

याच भेटीत आणखी तीन गोष्टी पाहायच्या आहेत, एकूण वीस मिनिटांच्या. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि अर्थिंग. मीटरजवळच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण, जे दाबल्यावर घरातली वीज क्षणभर जाईल, म्हणून लॅपटॉपवरचं काम आधी सेव्ह करून ठेवा. आणि हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीची सिलिकॉनची पट्टी, कारण मागच्या पावसाळ्यात तिथून पाणी आत आलं होतं.

कोण येईल आणि कुठे जाईल

मी, गणेश आणि त्याचा एक मदतनीस, असे तिघेच. दोघांची नावं गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहिली जातील आणि ते ओळखपत्र दाखवतील. कॉमन बाथरूम, त्याला लागून असलेल्या बेडरूमची एक भिंत, स्वयंपाकघरातला मेन व्हॉल्व्ह आणि हॉलची ती खिडकी, एवढ्याच ठिकाणी आम्ही जाऊ. बेडरूममधलं एक कपाट पुढे ओढावं लागेल, ते सोडून कपाटं, ड्रॉवर, तुमचं सामान यांना कुणी हात लावणार नाही. फोटो फक्त फरशी, ट्रॅप आणि भिंतीचे काढू, आणि ते सगळे त्याच दिवशी तुम्हाला पाठवेन.

तुमच्यापैकी एक जण घरी असल्याशिवाय आम्ही आत येणार नाही. माझ्याकडे दुसरी चावी आहे, पण ती तुमच्या संमतीशिवाय मी वापरत नाही आणि याही वेळी वापरणार नाही. अपवाद एकच : पाईप फुटून पाणी खाली वाहत असेल, गॅसचा वास येत असेल किंवा आग असेल तर. तेव्हाही आधी तुम्हा दोघांना फोन करेन, सोसायटीच्या सेक्रेटरींना सोबत घेईन आणि आत काय केलं ते त्याच दिवशी लिहून देईन.

तुमच्याकडून हवं ते

शुक्रवारी रात्रीपर्यंत बाथरूममधल्या बादल्या, स्टूल, साबणाची जाळी बाहेर काढून ठेवा. बेडरूमचं कपाट भिंतीपासून दोन फूट पुढे ओढावं लागेल, मागे लोणा आहे का ते पाहायचं आहे. ते भरलेलं असेल तर जड असतं, तुम्ही एकट्याने ओढू नका, मदतनीस करेल. फक्त वरच्या काचेच्या वस्तू उतरवून ठेवा.

आजपासून शनिवारपर्यंत नहाणीत ड्रेन क्लीनरची पावडर किंवा ॲसिड टाकू नका. तुंबलेल्या पाण्यात ती पावडर गरम होते, ट्रॅपमध्ये साचून राहते आणि जाळी काढणाऱ्याचा हात भाजतो.

सर्वात महत्त्वाचं ईराबद्दल. शनिवारी सकाळी साडेदहापासून रविवारी साडेदहापर्यंत त्या बाथरूममध्ये पाणी साठलेलं असेल. एक इंच पाणीसुद्धा दोन वर्षांच्या मुलासाठी धोक्याचं आहे. म्हणून दार पूर्णवेळ बाहेरून कडी लावून बंद राहील. ती कडी सैल झाली आहे असं मला आठवतं. मी शुक्रवारी संध्याकाळी नवी कडी आणि स्क्रू घेऊन गणेशला पाठवू का, तेवढं सांगा. त्या २४ तासांत मास्टर बेडरूमचं बाथरूम नेहमीप्रमाणे वापरता येईल, त्याची लाईन वेगळी आहे.

पुढची दुरुस्ती

रविवारी निदान झालं की लेखी कळवेन. सांधा फुटला असेल तर ट्रॅपभोवती साधारण दीड बाय दीड फूट फरशी काढून नवा ट्रॅप बसेल, भोवती वॉटरप्रूफिंगचे दोन थर लागतील, पुन्हा २४ तास पाणी भरून पाहिल्यावरच टाइल्स बसतील. साधारण पाच दिवस लागतात. संपूर्ण वॉटरप्रूफिंग करावं लागलं तर आठ ते दहा. मधली पाण्याची चाचणी गाळून दोन दिवसांत काम उरकतो असं सांगणारे असतात, मी तसं करून घेणार नाही. काम मृग लागण्याआधी पूर्ण व्हावं अशी माझी इच्छा आहे, पण त्याच्या तारखा स्वतंत्र सूचनेने आणि तुमच्या सोयीनेच ठरतील. एक बाथरूम बंद असेल तितक्या दिवसांचे रोज २०० रुपये जूनच्या भाड्यातून कमी करू.

उत्तर

गुरुवार, ७ मे रोजी रात्री ९ पर्यंत व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर कळवा. ही वेळ जमत नसेल तर रविवारी १० मे रोजी संध्याकाळी ४ ते ६ (दुसरी भेट सोमवारी त्याच वेळी), किंवा पुढच्या शनिवारी १६ मे रोजी सकाळी १० ते १२ (दुसरी भेट रविवारी), यातली कोणतीही निवडा. त्याहून वेगळी वेळ सुचवलीत तरी चालेल, फक्त ती दिवसाउजेडी असावी. उत्तर आलं नाही तर तुमचा होकार आहे असं मी धरणार नाही, शुक्रवारी सकाळी फोन करेन. काकूंच्या छताखाली गीझरचा पॉइंट आहे, म्हणून १६ तारखेच्या पुढे मात्र नेऊ नये अशी विनंती. तोवर त्यांनी तो गीझर बंद ठेवला आहे.

आपली,
विद्या गोखले
(फ्लॅट क्र. ७ च्या मालक)

प्रत माहितीसाठी : सेक्रेटरी, सोसायटी कार्यालय

ता. क. : शनिवारी सकाळी दहा ते साडेअकरा मेन व्हॉल्व्ह मधूनमधून बंद करावा लागेल. प्यायचं पाणी आणि दोन बादल्या आधी भरून ठेवा. ईराला आंघोळ दहाच्या आत घातली तर बरं.