स्वयंपाकघरातली फरशी फुटली

काका, नमस्कार.

फोनच करणार होतो, पण फोटो बघितल्याशिवाय नीट कळायचं नाही, म्हणून लिहितोय. काल संध्याकाळी माझ्या हातून स्वयंपाकघरातली एक फरशी फुटली. माळ्यावरून अवजारांची पेटी काढत होतो, हातातून निसटली आणि नेमकी कोपऱ्यावर आपटली. कुणाला लागलं नाही. पण सिंकसमोरच्या फरशीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेलाय आणि मधे बोटभर टवका उडालाय. चूक माझीच. स्टुलावर चढून एका हाताने ती पेटी उतरवायची गरज नव्हती. बायको तेच सांगत होती.

पाय कापू नये आणि पाणी खाली मुरू नये म्हणून सध्या वर रुंद चिकटपट्टी लावली आहे. सिंकजवळची जागा असल्याने फार दिवस तसं ठेवणं मात्र बरं नाही.

शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या गवंड्याला आज सकाळी दाखवलं. त्याने छिन्नीच्या दांड्याने ठोकून पाहिलं, तर फुटलेली फरशी भरीव वाजते, पण तिच्या डावीकडची पोकळ वाजते. तिच्याखाली माल नीट बसलेला नाही, असं त्याचं म्हणणं. तिचा आवाज यावा म्हणून व्हिडिओही पाठवतोय. खरं तर तिच्यावर पाय पडला की टक्‌ वाजतं, हे आमच्या बऱ्याच दिवसांपासून लक्षात होतं. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं, राहून गेलं.

फुटलेली काढताना शेजारची पोकळ फरशीही हलणार, त्यामुळे दोन्ही एकदमच बसवाव्यात असं तो म्हणतो. एकीसाठी आला काय किंवा दोघींसाठी, दिवसाची मजुरी तो तेवढीच घेणार. म्हणून मला वाटतं, मजुरी निम्मी-निम्मी करू, आणि चिकटवायचा माल, सांध्यांची भरणी, राबिट उचलणं हे सगळं माझ्याकडे. पोकळ फरशी आत्ता बदलायची नसेल, तर एकीचा सगळा खर्च मी देतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

माळ्यावर तुमच्या उरलेल्या चार फरशा आहेत. खोक्यावरचा शेड नंबर आणि बॅच नंबर दोन्ही शाबूत आहेत. त्यातल्या दोन वापरू का? बाजारात त्याच नावाची मिळाली तरी वेगळ्या बॅचमध्ये रंगात उन्नीस-बीस होतंच, आणि ते स्वयंपाकघराच्या मधोमध उठून दिसेल. उरलेल्या दोन परत नीट बांधून ठेवतो.

घर सोडताना डिपॉझिटमधून वळतं करण्यापेक्षा आत्ताच मोकळं झालेलं मला बरं वाटेल. गवंड्याला रविवारचं विचारून ठेवलंय, पक्कं केलेलं नाही. तुमचा नेहमीचा माणूस असेल तर त्यालाच बोलावू. बसवल्यावर एक दिवस पाय ठेवायचा नाही म्हणाला, आम्ही तेवढं सांभाळून घेऊ.

शुक्रवारपर्यंत कळवाल का? यायला जमलं तर काम सुरू होण्याआधी एकदा स्वतः बघून जा.

समीर