सुहाससाठी मांडलेली दहा कार्डं

सुहास,

रविवारी तू काहीच लिहून घेतलं नाहीस, आणि जाताना जिन्यात म्हणालास, ‘मावशी, घरी पोचेपर्यंत अर्धं विसरेन.’ म्हणून टॅरो कार्डांची मांडणी दोन दिवस टेबलावर तशीच ठेवली (जेवण आम्ही ओट्यापाशी उभ्यानेच उरकलं) आणि आता सावकाश लिहिते आहे.

आधी प्रश्न. तू आलास तो ‘प्रमोशन कधी?’ असं विचारत. ‘कधी’ला मी कार्डं टाकत नाही, तारखा सांगणारे बडोद्याच्या दांडिया बाजारात पुष्कळ आहेत. आपण प्रश्न असा ठरवला: ‘2014 पासून मी डेप्युटी मॅनेजरच्या खुर्चीवर आहे. मला काय धरून ठेवतंय, आणि त्यात माझ्या हातात काय आहे?’ तू पिसलंस, डाव्या हाताने तीन भाग केलेस, पंखा बंद केला आणि मी मांडायला घेतली.

मांडणी सेल्टिक क्रॉस. आर्थर एडवर्ड वेट यांनी 1910 मध्ये छापली, आणि छापताना तिला प्राचीन म्हटलं. किती प्राचीन, यावर मी पैज लावणार नाही. कार्डांवरची चित्रं 1909 ची, पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढलेली. वेट यांच्या पद्धतीत विचारणाऱ्याचं म्हणून एक कार्ड आधी काढून ठेवतात. मी ते ठेवत नाही. तू समोर बसला होतास, तेवढं पुरे.

1. मधलं कार्ड, आत्ताची स्थिती: एट ऑफ पेंटॅकल्स. बाकावर बसलेला कारागीर, हातात छिन्नी-हातोडी, तयार नाणी खांबावर टांगलेली. मान खाली. गाव पार मागे, लांब. हे बघताच तू हसलास, ‘हा तर मीच, मकरपुऱ्यातला.’ खरंच तूच आहेस. काम येत नाही म्हणून अडलेल्या माणसाला हे कार्ड क्वचित येतं. तुझं काम चोख आहे, पण ते बघायला गावातून तिथवर कोणी येत नाही आणि तूही उठून गावात जात नाहीस.

2. त्यावर आडवं, अडसर: फोर ऑफ पेंटॅकल्स. हे आडवंच पडतं, त्यामुळे सुलटं-उलटं बघत नाही. एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली दाबलेली. तुला वाटलं होतं इथे साहेब निघणार. निघाला तो पगार. दर महिन्याच्या तारखेला येणारा, प्रॉव्हिडंट फंडवाला, ओळखीच्या व्हेंडरांचा, घरापासून वीस मिनिटांवरचा. यात वाईट काहीच नाही, पण चित्रातल्या माणसाचे पाय बघ. त्याला उठायचं असेल तर आधी नाण्यांवरून पाय उचलावे लागतील, आणि तेवढा वेळ ती मोकळी राहतील. तो वेळ तुला सहन होत नाही.

3. वर, मनात धरलेलं: सिक्स ऑफ वाँड्स. घोड्यावरचा स्वार, डोक्याला विजयाची माळ, बाजूने चालणारी माणसं. मिरवणूकच. तू पैशाचं बोलत होतास, पण रावपुऱ्यातल्या लग्नाची गोष्ट सांगताना आवाज बदलला. मामेभावाने सगळ्यांदेखत विचारलं ना, ‘अजून तिथेच?’ तुला पगारवाढीपेक्षा त्या प्रश्नाला उत्तर हवं आहे. असू दे, त्यात लाजायचं काय? फक्त स्वतःशी कबूल कर, म्हणजे नोकरी शोधताना उगीच पाच टक्के वाढीवर घासाघीस करत बसणार नाहीस.

4. खाली, मूळ: फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स. या कार्डावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, तुला आठवत असेल. बर्फात चाललेली दोन माणसं, एकाला कुबड्या, दुसरी अनवाणी. शेजारी रंगीत काचेची उजळलेली खिडकी. दोघं वर बघतच नाहीत.

तुझ्या अण्णांची मिल बंद पडली तेव्हा तू आठवीत होतास. मी तुमच्याच वाड्यात राहायचे, त्यामुळे हे मला कार्डांनी सांगायची गरज नव्हती. तुझी आई गच्चीवर कुरडया घालायची आणि तू शाळेतून आल्यावर त्या मोजून पाकिटं भरायचास. शंभराला एक जास्त गेली तर परत काढायचास. ती मोजणी तुझ्यात अजून आहे, आणि खरेदी खात्यात तिचं सोनं झालं. व्हेंडरच्या दरपत्रकात दडलेले आठ आणे तुझ्यासारखे कोणाला दिसत नाहीत. पण दुसरं कार्ड इथूनच उगवलंय. नाणी छातीशी धरणारा माणूस या बर्फातून आलेला आहे. तू त्याला भित्रा म्हणालास, ते मला आवडलं नाही. आठवीतल्या मुलाने जे शिकायला हवं होतं तेच तो शिकला.

मात्र आता घर तुझं आहे, बायको कमावते आहे, अण्णांच्या औषधांची सोय आहे. त्या खिडकीच्या आत तू केव्हाच आलास, चालतो आहेस मात्र अजून बाहेरच्यासारखा.

5. मागे, सरत चाललेलं: एट ऑफ कप्स, उलटं. पूर्ण मांडणीत उलटं आलेलं एवढं एकच. सुलटं असतं तेव्हा एक माणूस रचलेले आठ पेले मागे टाकून चंद्रप्रकाशात डोंगराकडे निघालेला असतो. उलटं म्हणजे न झालेलं निघणं. मी काही बोलायच्या आधी तूच म्हणालास, ‘पुणे.’ 2017 ची ती ऑफर. तेव्हा धाकटी दोन वर्षांची होती, अण्णांची अँजिओप्लास्टी झाली होती, तू नाही म्हणालास. माझ्या मते निर्णय बरोबर होता. चूक झाली ती नंतर: त्या नकाराचा हिशेब तू कंपनीच्या नावावर लिहिलास. ‘मी यांच्यासाठी पुणं सोडलं, आता यांनी मला द्यावं.’ कंपनीला त्या उधारीचा पत्ताच नाही! हे कार्ड मागच्या जागेवर पडलंय, ते मागेच राहू दे.

6. पुढे, जवळचं येणारं: पेज ऑफ पेंटॅकल्स. हिरवळीवर उभा पोरगा, हातातल्या नाण्याकडे टक लावून बघतोय. विद्यार्थ्याचं कार्ड. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे निघालं म्हणून तुझं तोंड उतरलं. पण कंपनीत सॅप सॉफ्टवेअर आलं तेव्हा ‘तरुण पोरं बघतील’ म्हणून तू एक्सेलच्या शीटवर बसून राहिलास, आणि आता ती पोरं मिटिंगमध्ये बोलतात नि तू त्यांना आकडे पुरवतोस, हे तूच सांगितलंस. तेव्हा मटेरियल्सचं मॉड्यूल शिक. कोणाला न सांगता नको, सांगून शिक.

आता उजवीकडची चार, खालून वर.

7. तू स्वतः: हँग्ड मॅन. एका पायाने उलटा लटकलेला, पण चेहरा शांत, डोक्याभोवती तेज. लाकडाला पालवी आहे, म्हणजे फासावर दिलेला नव्हे. लोक याला शिक्षा समजतात. मी याला थांबणं समजते, आणि थांबण्याचाही उपयोग असतो: लटकलेल्याला सगळं उलटं, म्हणून नवं दिसतं. फक्त अकरा वर्षं जरा फारच झाली. तुझ्या चेहऱ्यावर तो शांतपणा आहे, सुहास, आणि तुझ्या बायकोला नेमका त्याचाच राग येतो. ‘नोकरी तो छे ने!’ असं म्हणत तू चहा ढवळतोस.

8. भोवताल: सेव्हन ऑफ स्वॉर्ड्स. छावणीतून पाच तलवारी उचलून चवड्यांवर पळणारा माणूस, दोन मागेच रोवलेल्या. हे आलं की प्रत्येक जण मला चोराचं नाव विचारतो. तूही विचारलंस, आणि लॉकडाउनमध्ये तू माल मिळवत राहिलास नि शाबासकी साहेबांनी घेतली तो किस्सा सांगितलास. झालं असेल तसं. पण नाव सांगणं कार्डांचं काम नाही आणि माझं तर अजिबात नाही. मी दोन मागे राहिलेल्या तलवारींकडे बघते. तुझं काय कोणी नेऊ शकलेलं नाही? बचतीचे आकडे तुझ्याकडे आहेत, व्हेंडर तुझा फोन पहिल्या रिंगला उचलतात. ते एका कागदावर तुझ्या नावाने आजवर कधी आलंय का? आणि रात्री लपून नोकरीच्या साइटवर अर्ज टाकतोस, तेही चवड्यांवरचंच चालणं.

9. आशा आणि भीती: डेथ. हे उघडल्यावर तू खुर्ची मागे सरकवलीस. काळ्या चिलखतातला सांगाडा, पांढरा घोडा, झेंड्यावर पांढरं फूल, आणि मागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य. कोणी मरत नाही, अण्णाही नाही. हे तू विचारलं नाहीस, पण विचारणार होतास. या जागेवर आशा नि भीती एकत्र बसतात: नोकरी जाईल याची तुला धास्ती आहे, आणि गेली तर एकदाची सुटका होईल असंही कुठेतरी वाटतं. ‘त्यांनीच काढलं तर बरं’ हे वाक्य तू दोनदा बोललास.

इथे एक गोष्ट मी तेव्हा सांगायची विसरले. मेजर आर्कानाची, म्हणजे नशिबाच्या मोठ्या वळणांची, कार्डं 78 मध्ये 22, तेव्हा दहांत सरासरीने तीनेक यावीत. तुझी दोनच आली, आणि त्यांचे क्रमांक 12 आणि 13. हँग्ड मॅनच्या पाठोपाठ डेथ. लटकणं संपतं ते काहीतरी संपवूनच. बाकी आठ रोजच्या व्यवहाराची, त्यांतली चार पेंटॅकल्सची. म्हणजे यात नशिबाचा भाग थोडा आणि कामाचा, पैशाचा, सवयींचा जास्त.

10. कल कुठे: टू ऑफ वाँड्स. याला लोक निकाल म्हणतात. मी म्हणते, आज जसा आहेस तसाच चालत राहिलास तर पोचशील ती जागा. तटावर उभा माणूस, हातात पृथ्वीचा गोळा, समोर समुद्र. एक काठी हातात, दुसरी भिंतीला कडीने अडकवलेली. तू खूश झालास, ‘म्हणजे बाहेर जाणार!’ अरे, तो अजून तटावरच आहे. पाहिलं सगळं, निघाला नाही. चौथ्या कार्डापासून इथवर यायला तीस वर्षं लागली, ते कमी नव्हे. पण ती कडी आपोआप निघेल असं चित्रात कुठेच नाही.

म्हणून तीन कामं, याच क्रमाने. गेल्या तीन वर्षांत वाचवलेली रक्कम एका पानावर मांड, तुझ्या नावाखाली. ते पान घेऊन साहेबांकडे जा आणि पुढच्या पदासाठी काय कमी पडतंय ते सरळ विचार, पुण्याचा उल्लेख न करता. तिसरं, सॅपचा क्लास. साहेबांनी टोलवाटोलवी केली तर उघडपणे बाहेर बघ, आणि बायकोला आधी सांग. सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, हे तुम्ही दोघं वहीत मांडून बघा. मोजायला तुला शिकवावं लागणार नाही.

याच प्रश्नावर दिवाळीपर्यंत परत कार्डं मागू नकोस. आठ दिवसांनी पुन्हा विचारणाऱ्याला कार्डं नको असतात, हवं ते उत्तर हवं असतं, आणि मी ते देत नाही. मांडणीचा फोटो रोहनने काढलाय, तो संध्याकाळी पाठवेल. त्यानंतर कार्डं उचलते, कारण उद्या या टेबलावर पुरण वाटायचं आहे.

मावशी