विषय: नवीन संगणकप्रणाली १ ऑक्टोबरऐवजी १ जानेवारी २०२६ पासून सुरू होण्याबाबत

दिनांक ८ सप्टेंबर २०२५

आदरणीय सरव्यवस्थापक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पतसंस्थेच्या १४ शाखांमध्ये नवीन प्रणाली १ ऑक्टोबरपासून सुरू करण्याचे आपल्यात ठरले होते. ते त्या तारखेला होणार नाही. नवीन तारीख १ जानेवारी २०२६ ही आहे. २८ सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल याच आठवड्यात छपाईला जाणार असल्याने, त्यातील ‘ऑक्टोबरपासून’ हा उल्लेख आधी बदलून घ्यावा, ही पहिली विनंती.

उशिराचे मुख्य कारण सभासदांची नावे हे आहे. जुन्या प्रणालीत ती युनिकोडमध्ये नाहीत, तर त्या काळच्या मराठी फॉन्टच्या संकेतांत साठवलेली आहेत. रूपांतराचा तक्ता आम्ही मुख्य शाखेच्या माहितीवरून तयार केला आणि तेथे तो बरोबर चालला. २२ ऑगस्टला सर्व शाखांची माहिती एकत्र घेतली, तेव्हा उंब्रजसह तीन शाखांमध्ये वेगळा फॉन्ट वापरलेला असल्याचे दिसले. तेथे त्याच संकेताचे अक्षर निराळे आहे. शिवाय या जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवला जातो, त्यामुळे जोडाक्षरे असलेल्या नावांत वेलांटी किंवा रफार भलत्याच अक्षरावर जातो. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव ‘कुर्हाडे’ असे उमटते आणि ‘सूर्यवंशी’मधला रफार ‘सू’वर चढतो. सर्व शाखांचे नमुने सुरुवातीलाच तपासणे हे आमचे काम होते, त्यामुळे या विलंबाची जबाबदारी आमची आहे. आपल्या कर्मचाऱ्यांकडून कोणतीही माहिती उशिरा आलेली नाही.

एकूण ३१,४०० सभासदांपैकी ४,१०० नावे शंकास्पद ठरली. त्यांतील १,६०० अर्जाशी ताडून दुरुस्त झाली आहेत, २,५०० बाकी आहेत. ही नावे प्रणाली सुरू झाल्यावर सवडीने दुरुस्त करता येतील, अशी सूचना आमच्याकडे चर्चेत आली होती; मी ती स्वीकारलेली नाही. ठेवपावतीवर आणि भाग दाखल्यावर चुकीचे नाव छापले गेले, तर वारसाला रक्कम देण्याच्या वेळी त्याचा त्रास होतो, आणि तो त्रास पावती जपून ठेवणाऱ्या माणसाला होतो.

दुसरी बाब व्याजाची आहे आणि तिच्यावर संचालक मंडळाचा निर्णय लागेल. मागील वर्षाच्या मुदत ठेवी आम्ही नवीन प्रणालीत पुन्हा मोजल्या, तेव्हा जुन्या प्रणालीचे व्याज प्रत्येक ठेवीवर एका दिवसाने जास्त निघाले. जुनी प्रणाली ठेव ठेवल्याचा दिवस आणि मुदत संपण्याचा दिवस, असे दोन्ही दिवस मोजते. नवीन प्रणाली त्यांपैकी एकच मोजते. एक लाख रुपयांच्या ठेवीवर ८ टक्के दराने हा फरक सुमारे २२ रुपयांचा होतो. रक्कम लहान दिसते, परंतु मुदतीअखेरची रक्कम पावतीवर छापलेली असते आणि ठेवीदार ती धरून चालतो. आमचे मत असे आहे की चालू पावत्यांना छापलेली रक्कमच द्यावी आणि नवीन पद्धत १ जानेवारीनंतरच्या ठेवींनाच लावावी. दोन्ही पद्धती प्रणालीत ठेवता येतात. मंडळाचा लेखी निर्णय ३० सप्टेंबरपर्यंत मिळावा.

नावांचे आणि व्याजाचे काम नोव्हेंबरअखेर संपेल असा आमचा अंदाज आहे. तरीही मी १ डिसेंबर ही तारीख देत नाही, कारण तिमाही व्याज ३१ डिसेंबरला जमा होते. तिमाहीच्या मध्ये बदल केला, तर प्रत्येक खात्यावरचे तोवरचे अर्धवट व्याज एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत न्यावे लागेल आणि चुकीला नवी जागा तयार होईल. डिसेंबर महिना मुख्य शाखेत आणि उंब्रज शाखेत दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालवून रोजचा ताळेबंद जुळवून पाहावा, असे ठरवत आहोत. त्या महिन्यात या दोन शाखांतील कर्मचाऱ्यांना प्रत्येक व्यवहार दोनदा नोंदवावा लागेल. त्यासाठी प्रत्येक शाखेत आमचा एक माणूस पूर्णवेळ बसेल, तरी ताण पडेलच.

पिग्मी प्रतिनिधींच्या यंत्रांतून येणारा भरणा, पासबुक छपाई आणि कर्जखात्यांचे हप्ते ही कामे पूर्ण होऊन तपासली गेली आहेत. नऊ शाखांचे प्रशिक्षण झाले आहे, पण तीन महिन्यांत सवय मोडेल, म्हणून सर्व शाखांचे प्रशिक्षण डिसेंबरमध्ये पुन्हा घेऊ.

खर्चाबाबत. वाढीव कामाचे शुल्क आम्ही घेणार नाही. १ ऑक्टोबरला देय असलेला हप्ता प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यानंतरच द्यावा. जुन्या प्रणालीचा देखभाल करार ३० सप्टेंबरला संपतो. त्याच्या मुदतवाढीची रक्कम आमच्या शेवटच्या हप्त्यातून वजा करावी, आणि जुन्या कंपनीने वर्षभराचाच करार मागितला तर तीही संपूर्ण रक्कम वजा करावी. ही मुदतवाढ या आठवड्यात मागावी लागेल, अन्यथा ऑक्टोबरमध्ये जुनी प्रणाली अडल्यास मदतीला कोणी नसेल. करारातील विलंबाच्या दंडाचे कलम लागू करण्याचा आपला अधिकार आहे आणि त्यावर आमची हरकत राहणार नाही.

१ जानेवारीलाही एक धोका आहे. उरलेल्या २,५०० नावांची पडताळणी मूळ अर्जांवरून व्हायची आहे, आणि ते अर्ज शाखांच्या कपाटांत आहेत. आमची दोन माणसे शाखोशाखी जातील. आपल्याकडून प्रत्येक शाखेत अर्ज काढून देणारा एक कर्मचारी रोज दोन तास हवा आहे. दिवाळीपूर्वी शाखांत गर्दी असते, हे धरून आम्ही १५ नोव्हेंबर ही मुदत ठेवली आहे. तोवर पडताळणी झाली नाही, तर मी २० नोव्हेंबरला आपल्याला तसे कळवीन आणि तेव्हा प्रणाली नव्या आर्थिक वर्षात, १ एप्रिलला सुरू करण्याची शिफारस करीन. अपुऱ्या माहितीवर जानेवारीत सुरू करण्याचा आग्रह धरणार नाही.

सभेत सभासदांनी विचारले, तर त्यांची खाती, ठेवी आणि व्याज जुन्या प्रणालीत पूर्वीप्रमाणेच चालू आहेत आणि या विलंबाचा त्यांवर परिणाम नाही, असे सांगता येईल. ते खरे आहे. विलंबाचे कारण सांगायचे असेल, तर ते आमच्याकडचे आहे असे स्पष्ट सांगावे.

१२ सप्टेंबरच्या संचालक मंडळाच्या बैठकीला मी स्वतः येतो. व्याजाच्या फरकाच्या २० पावत्या आणि चुकीच्या उमटलेल्या नावांची यादी छापून आणीन, म्हणजे मंडळाला प्रत्यक्ष पाहून निर्णय घेता येईल. त्यानंतर दर शुक्रवारी किती नावे तपासून झाली आणि किती उरली, एवढा आकडा मी आपल्याला कळवत राहीन. बैठकीआधी काही विचारायचे असल्यास कृपया थेट मला फोन करावा.

आपला विश्वासू,
प्रकल्पप्रमुख
पुणे कार्यालय